क्लाऊडवरच्या हिशेबाचं ऑडिट : एडिट लॉगच्या पलीकडे

मित्रहो, क्लाऊडवर ठेवलेल्या हिशेबाचं ऑडिट हा विषय फार पसरट आहे. म्हणून आज मी एकाच प्रश्नाभोवती बोलणार आहे. व्हाउचरमधली रक्कम बदलली आणि एडिट लॉगमध्ये त्याची नोंदच उमटली नाही, असं होऊ शकतं का? आणि झालं, तर ते आपल्याला कसं कळणार?

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद होते आणि ती नोंद बंद करता येत नाही. नियम ११(जी) प्रमाणे आपल्याला अहवालात लिहावं लागतं की ही सोय वर्षभर, सगळ्या व्यवहारांसाठी चालू होती, तिच्यात कुणी ढवळाढवळ केली नाही आणि नोंदी जपून ठेवल्या आहेत. बहुतेक ठिकाणी आपला आर्टिकल काय करतो? सॉफ्टवेअर उघडतो, एडिट लॉग ‘चालू’ दिसतो, स्क्रीनशॉट घेतो आणि फाईलला लावतो. हा पुरावा दोन कारणांनी तोकडा आहे. एक, तो त्या एका दिवसाचा आहे आणि आपण लिहितोय ‘वर्षभर’. दोन, तो फक्त सॉफ्टवेअरच्या दारावरचा आहे. डेटापर्यंत जाणारं दार तेवढं एकच नसतं.

एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण यातली प्रत्येक गोष्ट प्रत्यक्षात तपासता येते. वाहनांचे सुटे भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. हिशेबाचं सॉफ्टवेअर एका स्थानिक व्हेंडरकडून घेतलेलं, ब्राउझरमध्ये चालणारं. डेटा ॲमेझॉनच्या क्लाऊडवर, मुंबई विभागात, आरडीएस या सेवेतल्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. क्लाऊडचं खातं कंपनीच्या नावावर, पण ॲडमिन लॉगिन व्हेंडरकडे.

इथे काम तिघांत वाटलेलं आहे. इमारत, वीज, हार्डवेअर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस इंजिनचे पॅच हे ॲमेझॉनकडे. डेटाबेसला कुठून जोडता येईल, कोणते युजर असतील, लॉग किती नोंदवायचा, बॅकअप किती दिवस ठेवायचा, हे सगळं ग्राहकाकडे. आपल्या उदाहरणात ग्राहकाने ते काम व्हेंडरला दिलंय, पण जबाबदारी कंपनीचीच राहते. आपण मागणी केली की कंपनी ॲमेझॉनचा एसओसी १ टाइप २ अहवाल आणून देते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. त्या अहवालात ‘ग्राहकाने स्वतः राबवायची नियंत्रणं’ असा एक भाग असतो. तो आधी वाचा. वर ग्राहकाकडची म्हणून जी कामं सांगितली, ती त्या भागात येतात, म्हणजे अहवालाने त्यांची तपासणी केलेलीच नाही. शिवाय व्हेंडर त्या अहवालात कुठेच नाही. व्हेंडरचा स्वतःचा असा अहवाल नसेल, तर एसए ४०२ प्रमाणे आपल्याला दुसरा मार्ग धरावा लागतो : त्याच्याकडे जाऊन तपासणं, दुसऱ्या ऑडिटरकडून तपासून घेणं किंवा कंपनीची स्वतःची नियंत्रणं पुरेशी आहेत का ते पाहणं.

आता सेटिंग. डेटाबेस बघणाऱ्या माणसाला आपल्यासमोर बसवून या तीन ओळी चालवायला सांगा :

```
SHOW log_statement;
SHOW shared_preload_libraries;
SHOW pgaudit.log;
```

आपल्या उदाहरणात पहिल्या ओळीला उत्तर येतं `none`. कुणी मुद्दाम बदललं नसेल तर हेच असतं. दुसऱ्या ओळीत `pgaudit` या, डेटाबेसमधल्या आज्ञांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचं नाव नाही आणि तिसरी ओळ एररचा संदेश देते, कारण ते साधन बसवलेलंच नाही. अर्थ सरळ आहे. सॉफ्टवेअरमधून केलेला बदल एडिट लॉगमध्ये येतो, पण डेटाबेसला थेट जोडून एका `UPDATE` आज्ञेने केलेला बदल कुठेच येत नाही. अनेक कंपन्यांच्या अहवालांत ‘डेटाबेसच्या पातळीवर ऑडिट ट्रेल चालू नव्हता’ असं वाक्य दिसतं, ते याचसाठी. समजा आज सेटिंग चालू दिसलं, तरी वर्षभर तसंच होतं का, हे या ओळी सांगत नाहीत. ते क्लाऊडच्या लॉगमध्ये बघायचं : `ModifyDBParameterGroup` ही घटना वर्षात कधी घडली आणि कुणी घडवली.

नोंद नसेल तर बदल सापडणार कसा? एक तपासणी मी आग्रहाने सांगतो, कारण तिला महागडं साधन लागत नाही. एडिट लॉग आणि व्हाउचरची सध्याची यादी, दोन्ही एकाच वेळी उतरवून घ्या. लॉगमध्ये प्रत्येक व्हाउचरची शेवटची ‘नवी रक्कम’ काढा आणि ती व्हाउचरच्या आजच्या रकमेशी ताडा. नमुना घेऊ नका, सगळीच ताडा. एक्सेलला पन्नास हजार ओळी जड नाहीत. रक्कम जुळत नसेल, लॉगमध्ये जन्माची नोंद नसलेलं व्हाउचर यादीत असेल, किंवा खोडल्याची नोंद नसताना व्हाउचर गायब असेल, तर थांबून विचारायचं.

आपल्या कंपनीत संशयित येण्याच्या तरतुदीचं ३१ मार्च २०२५ चं व्हाउचर आहे. लॉगप्रमाणे शेवटची रक्कम १४,६०,००० रुपये. आज व्हाउचरमध्ये ४,६०,०००. मधला बदल लॉगमध्ये नाही. नफा दहा लाखांनी वाढलेला आहे.

इथून क्लाऊडच्या प्रवेश-नोंदींकडे जायचं. ॲमेझॉनमध्ये त्या क्लाउडट्रेल या सेवेत असतात. तिथे एप्रिलमधली ही घटना दिसते :

```
"eventTime": "2025-04-08T17:12:40Z",
"eventName": "AuthorizeSecurityGroupIngress",
"userName": "vendor-admin",
"sourceIPAddress": "203.0.113.27",
"awsRegion": "ap-south-1"
```

वेळेच्या शेवटी `Z` आहे, म्हणजे ही ग्रीनिचची वेळ. साडेपाच तास मिळवा : ८ एप्रिल, रात्री १० वाजून ४२ मिनिटं. हे विसरलं तर ही घटना संध्याकाळच्या नेहमीच्या कामासारखी वाटते. ३१ मार्चच्या रात्रीच्या नोंदींत तर आर्थिक वर्षच बदलतं. घटना काय सांगते? डेटाबेसच्या भोवतालच्या नियमांत एक नवा पत्ता आत येऊ दिला. नोंद पूर्ण उघडली की पोर्ट दिसतो, ५४३२, म्हणजे पोस्टग्रेसचा. त्याच रात्री ११ वाजून १९ मिनिटांनी `RevokeSecurityGroupIngress` आहे. दार सदतीस मिनिटं उघडं होतं. त्याआधीच्या `ConsoleLogin` नोंदीत `MFAUsed` समोर `No` आहे, आणि `vendor-admin` हे लॉगिन व्हेंडरकडची चार माणसं वापरतात. म्हणजे माणूस कोण, हे या नोंदीवरून ठरत नाही.

इथे सावध राहायला हवं. क्लाउडट्रेल डेटाबेसच्या आत चाललेल्या आज्ञा दाखवत नाही. दार उघडलं हे दिसतं, आत काय केलं ते दिसत नाही. दोन गोष्टींची वेळ जुळते, यापलीकडे आपल्या हातात काही नाही. म्हणून पुढचा प्रश्न व्हेंडरला : त्या रात्रीचं तिकीट दाखवा, कुणाच्या सांगण्यावरून काम केलं, मंजुरी कुणाची? आणि कंपनीला : तरतूद कमी करण्याचा आधार काय, ज्याचं येणं संशयित धरलं होतं त्याच्याकडून पैसे आले का? समजा उत्तर आलं की वित्तप्रमुखांनी फोनवर सांगितलं होतं, ‘बंद झालेला कालावधी उघडायला नको, थेट बदला’. मग हा फक्त लॉगचा प्रश्न राहत नाही. व्यवस्थापनाने नियंत्रण ओलांडल्याचा हा प्रकार आहे, आणि एसए २४० प्रमाणे बाकीची कामं वाढवावी लागतात.

या सगळ्याला एक मोठी अट आहे : लॉग जिवंत असायला हवा. क्लाउडट्रेलचा जो इतिहास आपोआप मिळतो तो ९० दिवसांचाच असतो. ३१ मार्चची घटना २९ जूनच्या सुमारास दिसेनाशी होते, ८ एप्रिलची ७ जुलैच्या सुमारास. आपण ऑगस्टमध्ये पोहोचतो. पोस्टग्रेसचे स्वतःचे लॉग तर आरडीएसवर मुळात तीन दिवस राहतात आणि फार तर सात दिवसांपर्यंत वाढवता येतात. ते दुसरीकडे पाठवायची सोय आधीच करून ठेवावी लागते. कायद्याने हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवायची आहेत, हे या आकड्यांशेजारी ठेवून बघा. म्हणून वर्ष सुरू असतानाच कंपनीला सांगायचं : क्लाउडट्रेलचा ‘ट्रेल’ तयार करा, तो वेगळ्या साठवणीत जाऊ द्या, त्या साठवणीत खोडण्याचा अधिकार व्हेंडरच्या लॉगिनला नको, आणि लॉग फाईलची छेडछाड ओळखणारी पडताळणी चालू ठेवा. हे केलेलं नसेल, तर निदान एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक उतारा आणि जूनअखेरीच्या आत दुसरा उतारा आपण स्वतः समोर बसून घ्यायचा.

बॅकअपचंही तसंच. मघाशी सांगितलेल्या ताडून बघण्याच्या तपासणीत एक फट आहे. एडिट लॉग त्याच डेटाबेसमध्ये असेल, तर रक्कम बदलणारा माणूस लॉगही बदलू शकतो आणि मग सगळं अगदी जुळतं. त्यावर उपाय म्हणजे जुनी प्रत. आरडीएसचे आपोआप होणारे बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यानंतर ३१ मार्चची स्थिती परत आणता येत नाही. कंपनीला ३१ मार्चच्या रात्री हाताने एक स्नॅपशॉट घेऊन वेगळा ठेवायला सांगा. तो व्हेंडरच्या लॉगिनला खोडता येणार नाही असा. पुढे तो दुसऱ्या सर्व्हरवर उघडून आजच्या व्हाउचरशी ताडता येतो. भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज बॅकअप हवा हा नियम वेगळा आहे. तो पाळला म्हणून ही गरज भागत नाही.

अहवालात काय लिहायचं? आपल्या उदाहरणात ‘ऑडिट ट्रेल वर्षभर चालू होता’ एवढंच लिहिता येणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये तो चालू होता, डेटाबेसमधल्या थेट बदलांसाठी नव्हता, असं स्पष्ट लिहावं लागेल. आणि एक थेट बदल सापडलाय, तेव्हा अंतर्गत आर्थिक नियंत्रणांवरच्या आपल्या मतावर त्याचा काय परिणाम होतो, हेही ठरवावं लागेल. सेटिंग बंद असणं आणि बंद सेटिंगचा फायदा घेतला जाणं, या दोन गोष्टींना सारखं वजन देऊ नका.

शेवटी, ज्यांची कंपनी पूर्णपणे तयार ऑनलाइन सॉफ्टवेअर वापरते त्यांच्यासाठी. तिथे डेटाबेस आणि त्याचे लॉग सेवा देणाऱ्याकडे असतात. ते आपल्याला थेट बघता येत नाहीत आणि मागितले तरी सहसा मिळत नाहीत. तिथे सेवा देणाऱ्याचा टाइप २ अहवाल खरोखर कामाचा ठरतो, पण त्यात थेट डेटाबेस प्रवेशाचं नियंत्रण तपासलंय का आणि अहवालाचा कालावधी ३१ मार्चपर्यंत पोहोचतो का, हे बघावंच लागतं. अहवाल डिसेंबरलाच संपत असेल, तर मधल्या तीन महिन्यांसाठी सेवा देणाऱ्याचं लेखी पत्र घ्या आणि ते पत्र ऑडिट केलेलं नाही हे लक्षात ठेवून त्याला तेवढंच महत्त्व द्या. कंपनीच्या बाजूने मग तीन गोष्टी उरतात : ॲडमिन कोण आहेत, नोकरी सोडून गेलेल्यांची लॉगिन कोणत्या तारखेला बंद झाली आणि बंद केलेला कालावधी कुणी, कधी परत उघडला. या तिन्हींची नोंद सॉफ्टवेअरच्या आतच मिळते का, ते पहिल्याच भेटीत बघून घ्या. मिळत नसेल तर ती कंपनीने स्वतः ठेवायला सुरुवात करावी, असं त्याच दिवशी लेखी कळवा.