अहवालात न सुटलेला प्रश्न आणि प्रवेशाचं पत्र

श्रोतेहो, नमस्कार.

पदवी झाली की पुढच्या मास्टर्ससाठी, विशेषतः परदेशातल्या विद्यापीठात अर्ज करताना, गुणपत्रिकेसोबत एक पत्र द्यावं लागतं. मुलं त्याला एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणतात. साधारण दोन पानांचं असतं. शब्दांची मर्यादा विद्यापीठ सांगतं आणि ती पाळायचीच असते. या पत्रातलं सगळ्यात अवघड काम एकच आहे: आजवर जे शिकलो ते आणि पुढे जे शोधायचं आहे ते यांचा सांधा जुळवणं. आज फक्त त्या सांध्याबद्दल बोलू.

बहुतेक पत्रांत हा सांधा नसतोच. पहिल्या पानावर विषयांची यादी येते, दुसऱ्या पानावर ‘मला जलसंकटावर संशोधन करायचं आहे’ असं येतं, आणि मध्ये ‘म्हणून’ हा शब्द ठेवलेला असतो. विषयांची यादी गुणपत्रिकेत आहेच, आणि जलसंकट हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकत नाही, तो फार मोठा आहे. वाचणाऱ्या प्राध्यापकांना हवं असतं ते या दोन्हींच्या मध्ये घडलेलं काहीतरी: शिकलेलं वापरून काम केलं, तेव्हा कुठे अडलं?

म्हणून पत्र लिहायला बसताना कोरा कागद घेऊ नका. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा अहवाल घ्या, आणि त्याहून महत्त्वाची ती मोजमापांची वही. अहवालात सगळं जुळवून लिहिलेलं असतं. न जुळलेलं वहीत सापडतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, भूशास्त्रात बीएस्सी झालेली एक विद्यार्थिनी आहे आणि तिला भूजलशास्त्रात मास्टर्स करायचं आहे. चौघांच्या गटानं एका गावातल्या २२ विहिरींचा अभ्यास केला. तिच्या पत्राच्या पहिल्या मसुद्यात असं वाक्य आहे: ‘आमच्या प्रकल्पात विहिरींच्या जलपातळीचा सखोल अभ्यास करण्यात आला व त्यातून मला भूजलाची गोडी लागली.’ ‘करण्यात आला’ म्हटल्यावर कोणी केला हे कळत नाही. ‘सखोल’ म्हणजे किती, तेही कळत नाही. शाळेपासून विनंती अर्ज लिहून आपल्या हाताला लागलेलं हे वळण आहे, आणि पत्र इंग्रजीत लिहिलं तरी ते तसंच उतरतं.

आता वही उघडल्यावर तोच परिच्छेद कसा होतो, ते ऐका.

‘२२ विहिरींपैकी ९ विहिरींच्या पातळ्या मी मोजल्या आणि सगळ्यांचा नकाशा मी तयार केला. ऑक्टोबरमध्ये सर्व विहिरींत पाणी जमिनीखाली सुमारे ३ मीटरवर होतं. जानेवारीत ६ विहिरींतलं पाणी ७ मीटरच्याही खाली गेलं; बाकीच्या विहिरींत ते ५ मीटरच्या आतच होतं. जास्त उपसा हे कारण आम्ही अहवालात दिलं. पण त्या सहापैकी दोन विहिरींवर त्या हंगामात पंपच नव्हता. सहाही विहिरी टेकडीच्या उतारावर एकाच उंचीच्या पट्ट्यात आहेत. त्यांच्या बाजूंना लाल गेरूचा थर दिसतो आणि त्याच्यावर सच्छिद्र, पोकळ्यांचा बेसाल्ट आहे. पाणी त्या थरावरून आडवं सरकून खालच्या ओढ्यात निघून जातं का, हे माझ्या मोजमापांवरून ठरवता येत नाही.’

या परिच्छेदात गोडी, आवड, ध्यास यांपैकी एकही शब्द नाही, तरी या मुलीला भूजल का शिकायचंय ते समजतं. दख्खनच्या बेसाल्टात लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले असतात. भरीव काळ्या पाषाणात पाणी फारसं मावत नाही. ते झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरात राहतं. दोन थरांमधला गेरू चिकणमातीसारखा असेल तर पाणी खाली मुरताना तिथे अडतं. तिनं वर्गात शिकलेलं हे ज्ञान विहिरीच्या कडेला उभं राहून ओळखलं, याचा पुरावा त्या दोन ओळींत आहे. आणि अहवालातलं कारण अपुरं होतं हे तिनं स्वतः मान्य केलं. बरेच विद्यार्थी ही कबुली द्यायला घाबरतात. माझ्या मते पत्रातली ती सगळ्यात भक्कम जागा आहे.

यानंतरचं वाक्य आपोआप ठरतं: का ठरवता येत नाही? तिनं पातळ्या विहिरीशेजारच्या जमिनीपासून मोजल्या. पाणी कोणत्या दिशेला वाहतं हे कळायला प्रत्येक पातळी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत हवी, नाहीतर दोन विहिरींची तुलनाच होत नाही. मोबाइलच्या जीपीएसची उंची काही मीटरनं चुकू शकते आणि इथे तर सगळा फरकच काही मीटरचा आहे. म्हणजे लेव्हलिंग करायला, सर्वेक्षणाच्या उपकरणानं प्रत्येक विहिरीच्या काठाची उंची नेमकी मोजायला हवी होती. शिवाय पंप बंद केल्यावर विहीर किती वेळात भरते हे मोजलं असतं, तर खडक किती पाणी देतो तेही कळलं असतं. हे पत्रात तीन-चार वाक्यांत येतं, आणि ‘मला काय शिकायचं आहे’ याची यादी त्यातूनच तयार होते: भेगांच्या खडकातला प्रवाह, विहिरींच्या चाचण्या, संगणकावरचं प्रवाहाचं मॉडेलिंग.

मग ‘तुमच्याच विद्यापीठात का’ हा परिच्छेद. इथे विद्यापीठाची कीर्ती सांगू नका, ती त्यांना ठाऊक आहे. अभ्यासक्रमाचं पान उघडून वरच्या यादीतलं काय तिथे खरोखर शिकवतात ते पाहा आणि त्या पेपरचं नाव लिहा. एखाद्या प्राध्यापकांचं नाव घ्यायचं तर त्यांचे अलीकडचे दोन लेख वाचूनच घ्या, आणि ते सध्या मास्टर्सचे विद्यार्थी घेतात का हेही बघा. त्यांचं काम वाळूच्या थरांवर असेल तर ‘तुमचं काम माझ्या विषयाशी तंतोतंत जुळतं’ असं लिहिणं चूक आहे. वाळूत पाणी कणांमधल्या जागेतून सगळीकडे वाहतं, बेसाल्टात ते भेगांच्या वाटेनं जातं. ‘तुमची पद्धत बेसाल्टात कुठवर लागू पडते, हे मला तपासायचं आहे’, असं लिहिलं तर ते खरंही असतं आणि त्यावर मुलाखतीत बोलताही येतं.

एक सोपी परीक्षा आहे. या परिच्छेदातलं विद्यापीठाचं नाव पुसून दुसरं घाला. तरीही वाक्य चालत असेल तर परिच्छेद अजून लिहून झालेला नाही. नावं बदलून एकच पत्र आठ ठिकाणी पाठवताना जुन्या विद्यापीठाचं नाव आत राहून जातं, तेही इथेच.

एखाद्या सत्रात गुण घसरले असतील तर कारण एका वाक्यात सांगा, पुढच्या सत्रात काय झालं ते दुसऱ्या वाक्यात, आणि पुढे चला.

मसुदा दोघांना वाचायला द्या. प्रोजेक्टच्या मार्गदर्शकांना, म्हणजे आकडे आणि दावे तपासले जातील. त्यांना शिफारसपत्रही लिहायचं असतं आणि दोन्हींत विहिरींची संख्या वेगळी निघाली तर पंचाईत होते. दुसरी व्यक्ती विषयाबाहेरची हवी. वाचून झाल्यावर तिला विचारा, ‘या मुलीला काय शोधायचं आहे?’ उत्तर ‘पाण्यावर काहीतरी’ असं आलं तर गेरूच्या थराचं वाक्य खाली कुठेतरी दबलेलं आहे, ते वर आणा.

शेवटच्या परिच्छेदात देशसेवा, समाजऋण असं लिहायचा मोह होतो. या विद्यार्थिनीला मात्र नेमकं लिहिता येईल. पाझर तलाव अशा थराच्या वर बांधला तर त्याचं पाणी गावच्या विहिरींना मिळेल की खालच्या ओढ्याला, हे बांधण्याआधी सांगता येणं, हे काम तिला पदवीनंतर करायचं आहे. पत्र तिथेच संपवावं; त्याखाली फक्त नाव.

नमस्कार.