पार्लर विकत घेताना किंमत कशाची मोजायची?

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय चालू सलोन किंवा ब्यूटी पार्लर विकत घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे, आणि विकणाऱ्यांसाठीही.

एक उदाहरण धरून चालू. समजा, कोथरूडमध्ये आतल्या रस्त्यावर चार खुर्च्यांचं पार्लर आहे. मालकीणबाई स्वतः काम करतात, हाताखाली तीन मुली आहेत. त्या सांगतात, अठरा लाख. आठ लाख सामान आणि फर्निचरचे, दहा लाख गुडविलचे. महिन्याचा धंदा 2 लाख 60 हजार.

आधी हा धंदा खरा आहे का ते बघू. दोन-तीन महिन्यांचे आकडे पाहून भागत नाही. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत प्रत्येक पार्लर भरलेलं दिसतं. सलग बारा महिन्यांचं अपॉइंटमेंटचं रजिस्टर मागा आणि ते बँक खात्यात जमा झालेल्या यूपीआयच्या रकमांशी, तसंच मालाच्या खरेदीच्या बिलांशी ताडून पाहा. हेअर कलरची कामं भरपूर लिहिली आहेत आणि कलरच्या ट्यूब मात्र मोजक्याच घेतल्या आहेत, असं दिसलं तर रजिस्टर फुगवलेलं आहे. नवरीच्या मेकअपची रक्कम वेगळी काढा. ती नवरी पुन्हा त्या कामासाठी येणार नाही.

आता खर्च. भाडं 45 हजार, पगार आणि कमिशन 85 हजार, माल 26 हजार, वीज-धुलाई-किरकोळ 24 हजार. एकूण 1 लाख 80 हजार. म्हणजे महिन्याला 80 हजार सुटतात, असं मालकीणबाई म्हणतात. पण या 80 हजारांत त्यांची स्वतःची मजुरी आहे. त्या दिवसभर खुर्चीमागे उभ्या असतात, गल्ला सांभाळतात. त्यांच्या जागी अनुभवी बाई ठेवायची तर 35 हजार जातील. म्हणून खरा नफा 45 हजार. तुम्ही स्वतः काम करणार असाल तरी हे 35 हजार वजा कराच, कारण तो तुमच्या श्रमाचा पगार आहे. त्याचे पैसे विकणाऱ्याला का द्यायचे?

इथे एक चूक फार जण करतात. नफ्यावरून किंमत काढली की त्यात सामान आलंच, कारण त्या खुर्च्यांवरच तो नफा होतो. सामानाचे आठ लाख वेगळे आणि गुडविल वेगळं, असं धरलं तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातात. सामानाची किंमत उपयोगाची आहे ती तळ म्हणून: धंदा बसला तर विकून काय हाती येईल? भिंतीतले आरसे, फॉल्स सीलिंग, टाइल्स उचलून नेता येत नाहीत, त्यांचे शून्य धरा. फोडलेल्या कलरच्या ट्यूबांचेही शून्य. हायड्रॉलिक खुर्चीवर एखाद्या वजनदार माणसाला बसवा, पूर्ण वर उचला आणि दहा मिनिटं थांबा. खुर्ची हळूहळू खाली बसायला लागली तर पंपाचं सील गेलंय. शाम्पूच्या बेसिनला मान टेकते तिथे बोट फिरवून चीर आहे का पाहा, आणि गीझर, एसी, दोन ड्रायर एकदम लावून मेन स्विच पडतो का बघा. असं सगळं तपासून या सामानाचे जुन्या भावाने अडीच लाख येतात असं धरू.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, गिऱ्हाईक. मोबाइलमध्ये नऊशे नंबर असतील, त्याला अर्थ नाही. आयब्रो करणारी बाई तीन आठवड्यांनी येते, मुळांना कलर लावणारी महिना-दीड महिन्यानं येते. म्हणून गेल्या तीन महिन्यांत किमान दोनदा आलेल्या किती, ते मोजा. मग दुसरा प्रश्न विचारा: ती आली कुणाकडे? प्रत्येक बिलासमोर काम करणाऱ्या मुलीचं नाव लिहून बेरीज करा. काम कंटाळवाणं आहे, पण सगळी किंमत त्यावर ठरते. आपल्याकडे बायका पाटी बघून जात नाहीत, हात बघून जातात.

आपल्या उदाहरणात 40 टक्के धंदा, म्हणजे 1 लाख 4 हजार, एकट्या मालकीणबाईंच्या हातचा आहे. त्यांच्यामागे त्यातला चौथा हिस्सा गेला तर 26 हजारांचा धंदा कमी होईल. मालाचे फक्त 2,600 वाचतील, भाडं आणि पगार तेवढेच राहतील. नफा 45 हजारांवरून 21,600 वर येतो. आणि निम्मी गिऱ्हाइकं गेली तर? 46,800 चा फटका, म्हणजे महिन्याला 1,800 रुपये तोटा. एवढं नाजूक असतं हे गणित.

शिवाय आगाऊ पैसे घेतलेली पॅकेजेस असतात. गिऱ्हाइकानं पैसे मालकीणबाईंना दिलेत, सेवा तुम्हाला द्यायची आहे. अशी शिल्लक 1 लाख 40 हजार असेल तर ती किमतीतून वजा झालीच पाहिजे.

आता जागा. पुण्यात बहुतेक दुकानं लिव्ह अँड लायसन्सवर असतात, आणि तो करार विकणाऱ्याला परस्पर तुमच्या नावावर करता येत नाही. जागामालकाशी तुमचा नवा करार व्हावा लागतो, आणि तो नोंदणीकृत हवा. जुन्या कराराचे बावीसच महिने उरले असतील आणि तुम्ही दोन वर्षांच्या नफ्याइतके पैसे मोजत असाल, तर तुम्ही पुढच्या भाडेवाढीवर पैसे लावताय. म्हणून विसार देण्याआधी जागामालकाकडे जा. निदान तीन वर्षांचा करार, दरवर्षीची वाढ आणि लॉक-इन लेखी ठरवा. भाडं 10 हजारांनी वाढणार असेल तर ते आधी नफ्यातून वजा करा. डिपॉझिटचा हिशेब किमतीत मिसळू नका. विकणारीचं तिला परत मिळेल, तुमचं तुम्ही भराल.

भाडं तेच राहिलं आणि दोन वर्षांचा नफा धरला, तर चौथा हिस्सा गिऱ्हाइकं गेल्यावर किंमत होते 5 लाख 18 हजार, पॅकेजेस वजा जाता पावणेचार लाखांच्या आसपास. सगळी टिकली तर सुमारे 9 लाख 40 हजार. मागितले होते अठरा. मग पावणेचार लाख ताबा घेताना द्या, आणि वरची रक्कम सहा महिन्यांनी, जितकी गिऱ्हाइकं टिकली त्या प्रमाणात. गिऱ्हाईक पक्कं आहे यावर विकणारीचा खरंच विश्वास असेल, तर तिला यात नुकसान नाही.

करारात आणखी एक अट हवी. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे, गुडविल विकणाऱ्यावर ठरावीक भागात तसाच धंदा न करण्याचं वाजवी बंधन घालता येतं. कोथरूड, कर्वेनगर अशी नावं लिहून हद्द घाला. पण हाताखालच्या मुलींना नोकरी सोडल्यावर असं बांधता येत नाही. त्या समोरच्या गल्लीत गेल्या तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. म्हणून सौद्याआधी त्यांच्याशी स्वतंत्र बोला, पगार-कमिशन लेखी ठरवा, आणि मालकीणबाईंनी निदान दोन महिने दुकानात राहून जुन्या गिऱ्हाइकांची ओळख करून द्यावी, हे करारात घाला.

आणि दुकानाचा मोबाइल नंबर. अपॉइंटमेंटचे व्हॉट्सॲप ज्या नंबरवर येतात, ते सिम ताब्याच्या दिवशी तुमच्या नावावर झालं पाहिजे, गूगलवरची दुकानाची नोंदही. तो नंबर जुन्या मालकिणीकडेच राहिला, तर शनिवारी सकाळी "ताई, आज जागा आहे का?" हा निरोप तिलाच जाईल.