अकरा दिवसांचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

गणपती २०२२ साली ३१ ऑगस्टला बसले आणि पुढच्याच वर्षी थेट १९ सप्टेंबरला. मग २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट. दोन वर्षं सण अलीकडे सरकतो आणि मध्येच एकदा लांब उडी मारतो. ही उडी का पडते, तिथूनच सुरुवात करू.

अमावास्या ते अमावास्या साधारण साडेएकोणतीस दिवस. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस भरतात. ऋतू मात्र सूर्याच्या तालावर फिरतात आणि त्यांची फेरी ३६५ दिवसांची. दरवर्षी चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी तोकडं पडतं. या अकरा दिवसांचं काय करायचं, याची उत्तरं माणसांनी वेगवेगळी दिली, म्हणून कालगणनाही वेगवेगळ्या झाल्या.

आपल्या पंचांगानं ती तूट अधिक महिन्यानं भरून काढली. तो कुठे घालायचा याचा नियम ठरलेला आहे: ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. २०२३ चं उदाहरण घ्या. १७ जुलैच्या मध्यरात्री अमावास्या संपली. कर्क संक्रांत त्याआधीच होऊन गेली होती. पुढची अमावास्या १६ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास संपली आणि सिंह संक्रांत झाली दुसऱ्या दिवशी, १७ ऑगस्टला. म्हणजे मधला अख्खा महिना संक्रांतीविना गेला. तो झाला अधिक श्रावण. जावयांची अनारशांची सोय झाली, सोमवारचे उपास मात्र निज श्रावणापर्यंत थांबले, आणि गणपती सप्टेंबरात गेले. एकोणीस वर्षांत असे सात महिने घातले की सूर्यचंद्राचा मेळ जवळजवळ बसतो. म्हणूनच एकोणिसाव्या वाढदिवशी जन्मतारीख आणि जन्मतिथी बहुधा एकाच दिवशी किंवा एखाद्या दिवसाच्या फरकानं येतात.

हिजरी वर्षात अशी भर घालत नाहीत. तिथे महिना फक्त चंद्राचा. रमजान ईद २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती, २०२४ मध्ये ११ एप्रिलला, २०२५ मध्ये ३१ मार्चला. साधारण ३३ वर्षांत ती सगळे ऋतू फिरून येते. उपवासाच्या दृष्टीनं यात न्यायही आहे. उन्हाळ्याचा लांब रोजा कायम एकाच पिढीच्या वाट्याला येत नाही.

पण सारावसुलीला हे वर्ष सोयीचं नव्हतं. शेतसारा पीक हाती आल्यावरच भरता येतो. वर्ष ३५४ दिवसांचं धरलं, तर ३३ वर्षांत हिजरी सनाची ३४ वर्षं होतात; शेतात पिकं ३३ आणि कागदावर मागणी ३४ सालांची! यावर दख्खनेत जी तोड निघाली, ती म्हणजे सुहूर सन. हिजरी ७४५, म्हणजे इसवी सन १३४४ पासून आकडा हिजरीचाच ठेवला, पण पुढे तो सूर्याच्या वर्षानं वाढवला. आणि वर्षाचा आरंभ धरला सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. मला हा तोडगा फार चतुर वाटतो. दप्तरातली आकड्यांची परंपराही मोडली नाही आणि कुणब्याचं वर्षही सांभाळलं गेलं.

मराठ्यांच्या मोडी कागदांत हा सन अरबी अंकनामांनी लिहिलेला असतो. 'इहिदे सबैन अलफ' म्हणजे एक, सत्तर आणि हजार: १०७१. त्यात ५९९ मिळवा, इसवी सन १६७० येतो. मात्र पत्र जानेवारीपासून मृगापर्यंतचं असेल तर ६०० मिळवायचे, नाहीतर घटना एक वर्ष मागे जाते.

खरी गंमत पुढेच आहे. याच पत्रांत महिना आणि दिवस हिजरीचे असतात: 'छ ५ मोहरम', म्हणजे चंद्र ५. वर्ष सूर्याचं, महिना चंद्राचा. सुहूर वर्ष चांद्रवर्षापेक्षा अकरा दिवसांनी मोठं, त्यामुळे दरवर्षी मृगाच्या आसपासचे दहा-अकरा चंद्र एकाच सालात दोनदा येतात, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. पत्र यातलं कोणतं? अशा वेळी संशोधक वार शोधतो. मधलं अंतर ३५४ दिवसांचं, म्हणजे पन्नास आठवडे आणि वर चार दिवस. पहिला चंद्र सोमवारी असेल तर दुसरा शुक्रवारी पडतो, कधी शनिवारी. कारकुनानं वार लिहिला असेल तर कोडं तिथेच सुटतं. नसेल लिहिला, तर मग पत्रातल्या माणसांच्या मुक्कामांवरून आणि मोहिमांवरून माग काढत बसावं लागतं.