चार लाखांचा महिना, जरा उलगडून

नमस्कार श्रोतेहो.

आज मी बोलणार आहे ते नोकरी न करता स्वतःच्या जिवावर काम करणाऱ्यांशी. मी स्वतः पॅकेजिंगचं डिझाइन करतो, म्हणजे मसाल्याची पाकिटं, लोणच्याच्या बरण्यांची लेबलं, दिवाळीच्या फराळाचे डबे. त्यामुळे उदाहरणं त्याच धंद्यातली देईन. तुम्ही भाषांतर करत असाल, व्हिडिओ एडिटिंग करत असाल, तरी हिशेब फारसा बदलत नाही.

विषय तुमच्या ओळखीचा आहे. सकाळी कामाला बसण्याआधी फोन उघडला जातो आणि कुणीतरी लिहिलेलं असतं, "या महिन्यात चार लाखांचा टप्पा पार केला. मेहनतीचं चीज झालं." खाली टाळ्या, अभिनंदन, "भावा, तूच रे". आणि आपल्यापुढे उघडी पडलेली असते ती एका लेबलची सातवी दुरुस्ती. मग पुढचा तासभर हात चालत नाही.

लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1954 साली सामाजिक तुलनेचा एक सिद्धांत मांडला. त्याचं म्हणणं असं, की आपण कुठे आहोत हे माणसाला जाणून घ्यायचंच असतं. मोजायला पक्कं माप हाताशी असेल तर तो ते वापरतो, नसेल तर शेजाऱ्याकडे बघतो. आणि शेजारीही कसा निवडतो, तर आपल्यासारखाच. फार पुढे असलेल्याशी तुलना करण्याची ओढ कमी असते. म्हणूनच एखाद्या मोठ्या उद्योगपतीचा कोट्यवधींचा नफा वाचून आपला चहा कडू होत नाही, पण कॉलेजात आपल्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्याचे चार लाख मात्र दिवसभर टोचतात.

फ्रीलान्सरची अडचण इथेच आहे. नोकरदाराला वर्षाकाठी पगारवाढीचं पत्र मिळतं, पदनाम असतं, नाही म्हटलं तरी साहेबाचा शेरा असतो. आपल्याला यातलं काहीच नसतं. मग मोबाइलवर दिसेल तोच आकडा आपलं माप होऊन बसतो. तो आकडा बघू नका, असं मी म्हणणार नाही, कारण बघितला जातोच. पण तो कसला आकडा आहे, एवढं तरी तपासू या.

एक नमुना घेतो. आकडे मी सोपे पडावेत म्हणून ठरवलेत, पण त्यातली प्रत्येक वजावट रोजच्या व्यवहारातली आहे. समजा तुमच्या वर्गमित्रानं एका मसाला कंपनीचं संपूर्ण पॅकेजिंग केलं आणि त्या महिन्यात 4 लाख 13 हजारांचं बिल लावलं. बिलाचा फोटो त्यानं टाकला. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी करावीच लागते, आणि डिझाइनच्या कामावर 18 टक्के कर असतो. म्हणजे मूळ फी साडेतीन लाख आणि 63 हजार सरकारचे. ते त्याच्या खात्यातून फक्त जाता जाता दिसतात.

आता साडेतीन लाखांत बाकीची माणसं येतात. मसाल्याच्या पाकिटावर फोटो लागतो, तो काढणारा फोटोग्राफर. मिरची, धणे, तमालपत्राची चित्रं काढणारा इलस्ट्रेटर. दोघांचे मिळून 1 लाख 10 हजार धरा. फॉन्टचे परवाने, छापून घेतलेल्या डमी, प्रेसच्या फेऱ्या यांचे 15 हजार. हातात राहिले सव्वादोन लाख. आणि हे काम एका महिन्यात होत नाही. आधी नमुने, मग मालकाच्या सगळ्या घरादाराची संमती, मग सगळ्या वजनांच्या पाकिटांची फाइल. तीन महिने सहज जातात. बिल मात्र एकदाच लागलं, त्यामुळे पोस्टही एकाच महिन्याची झाली. महिन्याला पडले 75 हजार.

आता तुमच्याकडे या. त्याच महिन्यात तुम्ही एका कंपनीला 60 हजारांचं बिल लावलं. तुमची उलाढाल कमी आहे, त्यामुळे जीएसटी नाही. पण कंपन्या व्यावसायिक फीवर साधारण 10 टक्के टीडीएस कापतात, म्हणून तुमच्या खात्यात आले 54 हजार. फोन वाजला, मेसेजमध्ये 54 हजार दिसले, आणि तुम्ही तेच आपली कमाई म्हणून मनात धरले. कापलेले 6 हजार कुठे गेले नाहीत, तो तुमच्या नावावर आधीच भरलेला कर आहे. आयकर खात्याच्या नोंदीत ते दिसतात आणि विवरणपत्र भरताना हिशेबात येतात. तुमची कमाई 60 हजार, तिच्यातून खर्च 3 हजार, म्हणजे हाती राहिले 57 हजार. आणि हे एका महिन्याचं काम होतं.

काय झालं बघा. तुम्ही त्याचा कर चढवलेला आकडा घेतला आणि स्वतःचा कर उतरवलेला. 4 लाख 13 हजारांपुढे 54 हजार ठेवले की तो तुमच्या साडेसात पटींहून पुढे दिसतो. सारख्या मापानं मोजलं तर 75 हजार आणि 57 हजार. आहे, तो पुढे आहे. पण सव्वापटीच्या थोडा वर. सव्वापट हे अंतर कामाचं आहे. त्याचा विचार करता येतो, ते भरूनही काढता येतं. साडेसातपटीपुढे माणूस नुसता हात टेकतो.

परदेशी ग्राहकांच्या वेबसाइटवरून काम घेणाऱ्यांचे स्क्रीनशॉट याच नजरेनं बघा. तिथला आकडा डॉलरमध्ये असतो आणि पुष्कळदा तो आतापर्यंतच्या सगळ्या कमाईची बेरीज असतो, एका महिन्याची नाही. शिवाय वेबसाइटचा वाटा निघतो. फायव्हर विक्रेत्याकडून 20 टक्के घेतं, म्हणजे शंभर डॉलरच्या कामाचे ऐंशी हाती येतात. वर पैसे बँकेत आणण्याचा खर्च आणि चलनबदलातली घट वेगळीच.

आणि पोस्टची शेवटची ओळ वाचल्याशिवाय मन खट्टू करून घेऊ नका. शेवटी "मी हे कसं केलं ते शिकायचंय? कमेंटमध्ये हो लिहा" असं असेल, तर तो माणूस तुमचा प्रतिस्पर्धी नाही, दुकानदार आहे. तुम्ही गिऱ्हाईक आहात आणि तो आकडा ही दुकानाची पाटी आहे. यात वाईट काही नाही, पाटी तर सगळेच लावतात. फक्त पाटी बघून कुणी आपलं करिअर मोजत नाही.

आता नेहमी टाळला जाणारा भाग. सगळ्या वजावटी करूनही काही जण खरोखरच खूप पुढे असतात. त्यांचे आकडे खोटे आहेत, असं स्वतःला पटवत बसणं म्हणजे दुसऱ्या बाजूची फसवणूक. तिथे स्वतःच्या मापाची गरज लागते, आणि ते बनवायला एक वही पुरते.

प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा. फी किती, त्यातून दुसऱ्यांना आणि खर्चाला किती गेले, एकूण तास किती, आणि हे काम कुणाकडून आलं. तास लिहिताना प्रामाणिक राहा. फोनवरचा अर्धा तास, प्रेसमध्ये रंग जुळेपर्यंत उभं राहिलेली दुपार, "जरा लाल अजून लाल करता येईल का" या दुरुस्त्या, सगळं त्यात येऊ द्या. आपण हे तास हटकून विसरतो.

मघाचं 60 हजारांचं काम घ्या. खर्च जाऊन 57 हजार, आणि तास लागले समजा 76. तासाला साडेसातशे रुपये. त्याच महिन्यात एका ओळखीच्यांचं 12 हजारांचं लोगोचं काम होतं. त्यात काका, मावसभाऊ, मालकाची मुलगी अशा सगळ्यांच्या सूचना येत गेल्या आणि 40 तास गेले. तासाला तीनशे. वर्गमित्राच्या चार लाखांनी तुम्हाला यातलं काहीही सांगितलं नसतं. वही सांगते, की तुमची अडचण कौशल्याची नाही, दुरुस्त्यांना मर्यादा नसण्याची आहे. पुढच्या कोटेशनमध्ये एक ओळ घाला, "दोन फेऱ्यांपर्यंतच्या दुरुस्त्या फीमध्ये, त्यापुढे प्रत्येक फेरीचे वेगळे." ही ओळ घातली की काही गिऱ्हाइकं कुरकुरतात, एखादं जातंही. जाणारं बहुधा तीनशे रुपये तासवालंच असतं.

"कुणाकडून आलं" हा रकानाही वाया जात नाही. वर्षभराची वही चाळलीत की एखादा प्रेसवाला किंवा जुना ग्राहक पुन्हा पुन्हा दिसतो. तुमचं काम तिथून येतंय आणि तुम्ही मात्र पोस्टवरच्या लाइक मोजताय, असंही निघू शकतं.

तुलना करायचीच तर या वहीतल्या मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा. लागून असलेल्या महिन्याशी नको. आमच्या धंद्यात उन्हाळी मसाल्यांची आणि लोणच्याची लेबलं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, फराळाचे डबे दिवाळीच्या दोन-तीन महिने आधी. दिवाळी झाली की शुकशुकाट असतो. नोव्हेंबरच्या शुकशुकाटात बसून कुणाची सप्टेंबरच्या कमाईची पोस्ट वाचली, की आपण बुडालो असं वाटायला लागतं. मागच्या वर्षीचा नोव्हेंबर काढून बघा. तोही तसाच असेल तर हा हंगाम आहे. तो बरा होता आणि यंदा निम्मंच काम असेल, तर मात्र खरी काळजी करा, आणि आधी त्या जुन्या ग्राहकांना फोन लावा.

राहता राहिला तो वर्गमित्र. तो ओळखीचा आहे, तर त्याला विचारा. "किती कमावतोस" हे विचारू नका, त्यावर कुणी सरळ उत्तर देत नाही. असं विचारा, "अरे, ते मसाल्याचं काम फार छान झालंय. ती कंपनी तुझ्यापर्यंत पोचली कशी? फोटोग्राफरचे पैसे तू फीमध्येच धरतोस की ग्राहक वेगळे देतो? आगाऊ किती टक्के घेतोस?" असल्या प्रश्नांना माणसं मोकळेपणानं उत्तरं देतात, कधी कधी तर तासभर. फोटोग्राफरचे पैसे ग्राहकच परस्पर देतो असं तो म्हणाला, तर आपण मघाशी त्याच्या हिशेबातून एक रक्कम जास्तच वजा केली होती. वहीत दुरुस्त करून घ्या. आणि आगाऊ निम्मे घेतो म्हणाला, तर तुमच्या पुढच्या कोटेशनमध्ये आणखी एक ओळ वाढली.

नमस्कार.