पेशी निघतात लाखो, रुजते एखादी

(वाचनालयात झालेल्या बोलण्याचं टिपण, थोडं नीटनेटकं करून)

सुरू करायच्या आधीच मागून एका काकूंनी विचारलं, डॉक्टर, तपासायला गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात ते खरं का? त्याचं उत्तर देतोच, पण आधी पसरणं म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण आपल्या डोक्यात चित्र असतं ते सांडलेल्या तेलाचं, की गाठ फुटली आणि सगळीकडे पसरली, आणि ते चित्र चुकीचं आहे.

१८८९ साली लंडनमध्ये स्टीफन पॅजेट नावाचा सर्जन होता, त्याने स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी काढून बसून मोजल्या. लिव्हरमध्ये गाठी २४१ जणींना, आणि प्लीहेत, म्हणजे स्प्लीनमध्ये, फक्त १७. आता स्प्लीनला काही रक्त कमी जात नाही, चांगली जाडजूड धमनी आहे तिला. रक्त नेईल तिकडे पेशी जाणार आणि तिथेच वाढणार एवढंच असतं तर हा फरक पडायला नको होता. पॅजेट म्हणाला, बी सगळीकडे उडतं पण रुजतं ते मानवेल त्या जमिनीतच. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी आम्ही अजून त्या वाक्याचाच अर्थ लावत बसलोय.

आता प्रवास बघा. स्तनाच्या दुधाच्या नळीतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात, ती चिकटपट्टी म्हणजे ई-कॅडहेरिन नावाचं प्रोटीन. गाठीच्या कडेच्या काही पेशी हे प्रोटीन कमी करतात, लांबुळक्या होतात, सरपटायला लागतात, आजूबाजूचं जाळं विरघळवणारी एन्झाइम्स सोडतात आणि एखाद्या बारीक शिरेत शिरतात. शिरणं फार अवघड नसतं. उंदरांवर मोजलंय, एक ग्रॅम गाठीतून दिवसाला तीस-चाळीस लाख पेशी रक्तात पडतात. तीस-चाळीस लाख, रोज! मग माणूस आठवड्यात संपायला हवा ना? नाही संपत, कारण खरी मारामारी पुढे आहे. रक्तात चिकटून राहायला काही नाही, प्रवाहाचा मारा आहे, रोगप्रतिकारक पेशी टपून बसल्यात. त्यात कॅन्सरची पेशी साधारण १५-२० मायक्रॉनची आणि केशवाहिनी आठेक मायक्रॉनची, म्हणजे ती तिथे अडकते, चिरडते. काही पेशी प्लेटलेट्सचं पांघरूण घेऊन वाचतात. १९७० मध्ये फिडलर नावाच्या संशोधकाने उंदरांच्या रक्तात किरणोत्सारी खूण केलेल्या पेशी सोडल्या, चोवीस तासांत बहुतेक मेल्या आणि शेवटी गाठ धरणाऱ्या हजारात एकही नव्हत्या.

माणसांतला पुरावा तर अजून विलक्षण आहे, मला स्वतःला हा सगळ्यात आवडतो. पोटात कॅन्सरचं पाणी साठतं ना, तर काही पेशंटना त्रास कमी व्हावा म्हणून ते पाणी नळीने थेट मानेच्या शिरेत सोडायचे. त्या पाण्यात जिवंत कॅन्सर पेशी, आणि त्या महिनोन्महिने रक्तात ओतल्या जात होत्या, पुढचा पहिला थांबा फुफ्फुस. १९८४ मध्ये टॅरिन आणि सहकाऱ्यांनी या पेशंटच्या शवविच्छेदनांचा अभ्यास छापला, तर कित्येकांच्या फुफ्फुसात वाढलेल्या गाठी नव्हत्याच. म्हणजे पोचणं वेगळं, रुजणं वेगळं.

पण म्हणून रस्त्याला काहीच महत्त्व नाही असंही नाही हां. मोठ्या आतड्याचं रक्त पोर्टल व्हेनने आधी लिव्हरमध्ये जातं, म्हणून तिथला कॅन्सर सगळ्यात आधी बहुधा लिव्हरमध्ये दिसतो, शिवाय लिव्हरच्या केशवाहिन्यांच्या भिंतीला आधीच भोकं असतात, बाहेर पडायला सोपं. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागाच्या काही शिरा मात्र लिव्हर टाळून सरळ मोठ्या शिरेला मिळतात, त्यामुळे तिथला कॅन्सर कधीकधी पहिल्यांदा फुफ्फुसातच उगवतो. चार-सहा सेंटीमीटर इकडेतिकडे, पत्ता बदलला.

आता हाडाकडे येतो, आज मला खरं तेच सांगायचंय.

समजा एक बाई आहेत, वय ५४, सहा वर्षांपूर्वी डाव्या स्तनातली अडीच सेंटीमीटरची गाठ काढली, काखेतल्या दोन ग्रंथीत कॅन्सर होता, गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी. केमो, रेडिएशन, पाच वर्षं गोळ्या, सगळं व्यवस्थित. आता दोन महिने पाठ दुखतेय, झोपल्यावर जास्त. घरचे म्हणतात वय झालं, एक्स-रे काढला तो नॉर्मल. इथे फसगत होते, कारण मणक्याच्या आतला भाग ३० ते ५० टक्के खाल्ला गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत काही कळत नाही. एमआरआय केला तेव्हा तिसऱ्या कंबरेच्या मणक्यात डाग दिसला.

ही पेशी तिथे सहा वर्षं काय करत होती? बहुतेक झोपली होती. छातीच्या शिरा मणक्याभोवतीच्या झडपा नसलेल्या शिरांच्या जाळ्याला जोडलेल्या असतात, हे बॅटसन नावाच्या डॉक्टरने १९४० मध्ये दाखवलं, झडप नाही म्हणून खोकल्या-कुंथल्यावर रक्त उलटंही वाहतं. त्या वाटेने किंवा दुसऱ्या कुठल्या वाटेने ती हाडाच्या आतल्या मज्जेत आली आणि न वाढता, न मरता पडून राहिली. केमो मुख्यतः वाढणाऱ्या पेशींना मारते, झोपलेलीला नाही. हार्मोनवाल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये दहा-पंधरा वर्षांनीही रोग परत दिसतो तो यामुळे.

मग कधीतरी ती जागी होते, का ते दरवेळी सांगता येत नाही. पण ती स्वतः हाड खात नाही. हाड पोखरायचं काम आपल्याच ऑस्टिओक्लास्ट पेशी करतात, त्या रोज थोडं जुनं हाड काढतात, ऑस्टिओब्लास्ट नवं भरतात, हे आपल्या सगळ्यांच्यात आत्ता चालू आहे. कॅन्सरची पेशी पीटीएचआरपी नावाचा पदार्थ सोडते, त्याने ऑस्टिओब्लास्टकडून रँक-लिगँड नावाचा निरोप जास्त जातो, पोखरणाऱ्या पेशी वाढतात. आणि हाड पोखरलं की त्यात साठवलेला टीजीएफ-बीटा नावाचा पदार्थ मोकळा होतो, तो कॅन्सर पेशीला पुन्हा पीटीएचआरपी सोडायला लावतो. म्हणजे पेशी हाड फोडून घेते आणि त्या फुटलेल्या हाडावरच पोसते, फिरून फिरून तेच. यातूनच हाड मोडतं, रक्तात कॅल्शियम वाढतं, मग खूप तहान, बद्धकोष्ठता, गुंगी.

आता कुणी म्हणेल या बाईंना हाडाचा कॅन्सर झाला. नाही! मणक्यातून सुईने तुकडा काढला तर मायक्रोस्कोपखाली स्तनाच्याच पेशी, बहुधा हार्मोन पकडणाऱ्या रिसेप्टरसकट. म्हणून औषध स्तनाच्या कॅन्सरचं, लेट्रोझोल आणि जोडीला रायबोसिक्लिबसारखी गोळी, आणि ते चक्र तोडायला झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन. डेनोसुमॅब तो रँक-लिगँडचा निरोपच मधे अडवतं. या टप्प्यावर रोग मुळापासून जाईल असं मी सांगत नाही, पण तो बरीच वर्षं आटोक्यात राहू शकतो. तुकडा काढायचाच, कारण सहा वर्षांत रिसेप्टर बदललेलेही असू शकतात, किंवा तो डाग भलत्याच कशाचा निघतो, आपल्याकडे मणक्याचा टीबी काय कमी आहे का.

तर काकू, सुईचं. सुईच्या वाटेवर पेशी पडणं काही कॅन्सरमध्ये क्वचित होतं, लिव्हरच्या गाठीत वगैरे, म्हणून तिथे आम्ही विचार करून सुई लावतो. पण आत्ताच सांगितलं ना, गाठ स्वतःहूनच रोज रक्तात पेशी सोडत असते, सुईची वाट बघत नाही. सुईला घाबरून जे दोन-चार महिने जातात त्यात मात्र ती सोडतच राहते.

आणि या बाईंच्या घरच्यांना मी दोन गोष्टी लिहून देतो. पायातली ताकद कमी वाटली किंवा लघवी अडली तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं, मज्जारज्जू दबत असतो आणि तासांचा हिशोब असतो. आणि हाडाचं इंजेक्शन सुरू करायच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन यायचं, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड कधीकधी भरतच नाही. लोक हसतात, पाठ दुखतेय आणि डॉक्टर दात बघायला पाठवतोय म्हणून.