पीळ आणि चाळीस अंश

श्रोतेहो, नमस्कार. आमच्या सोलापुरात सुताला पीळ कसा देतात, हे लहान मुलालाही माहीत असतं. चादरीचं सूत बळकट हवं असेल तर एकेरी धाग्याला एका दिशेला पीळ देतात आणि असे धागे एकत्र वळताना उलट दिशेला देतात. एकानं सुटायचं म्हटलं की दुसरा आवळतो. आपल्या कातडीत, हाडात, हिरड्यांत असलेलं कोलॅजन नावाचं प्रथिन नेमकं असंच वळलेलं असतं. तीन साखळ्या, प्रत्येकीला डावा पीळ आणि तिघींना मिळून उजवा. ही रचना 1954-55 मध्ये मद्रासला बसून जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली.

ही साखळी म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. तिच्यात दर तिसरा मणी ग्लायसिन नावाचा, सगळ्यांत लहान. तीन साखळ्यांच्या मधोमध दुसऱ्या कुणाला जागाच नसते. उरलेल्या दोन जागांवर बऱ्याचदा प्रोलिन असतं, आणि त्यातल्या दुसऱ्या जागेवरच्या प्रोलिनला पुढे एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी चिकटवली जाते. त्याला म्हणतात हायड्रॉक्सिप्रोलिन. एवढ्याशा जोडीनं काय होतं, ते आकड्यांतच ऐका. जोडी न लावलेलं कोलॅजन साधारण 24 अंशांनाच उलगडतं. जोडी लावलेलं 40 अंशांच्या आसपास टिकतं. आपलं शरीर 37 अंशांवर. म्हणजे जोडी नसेल तर पीळ आपल्या अंगात टिकणारच नाही, मग बाहेर सोलापूरचा मे महिना असो वा पौष.

पाया रात्री फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी थरथरणारी जेली होते, ती पाहिली असेल. उकळताना सुटलेल्या साखळ्या गार झाल्यावर पुन्हा थोड्याफार वळतात, म्हणून ते थिजतं. गरम केलं की पुन्हा रस्सा.

पण ही जोडी पीळ घट्ट करते ती कशी? बरीच वर्षं समजूत अशी की तिच्याभोवती पाण्याचे रेणू जमतात आणि साखळ्या सांधून धरतात. मग 1998 मध्ये अमेरिकेतल्या रोनाल्ड रेन्स यांच्या गटानं एक हुशारीचा प्रयोग केला. प्रयोगशाळेत बनवलेल्या छोट्या साखळ्यांत जोडीच्या जागी फ्लोरिन बसवलं. फ्लोरिन पाण्याला फारसं धरत नाही, म्हणजे पीळ सैल पडायला हवा होता. झालं उलटंच! साध्या प्रोलिनची साखळी 41 अंशांना सुटली, हायड्रॉक्सिप्रोलिनची 69 ला, फ्लोरिनवाली थेट 91 ला. मुख्य काम पाण्याचं नव्हतं तर. प्रोलिनचं कडं असतं. ती जोडी त्या कड्याला एकाच बाजूला वाकवून ठेवते, आणि साखळी पीळ घेण्याच्या बेतानंच उभी राहते. मला हा प्रयोग फार आवडतो.

आता व्हिटॅमिन सी. ते कोलॅजनमध्ये जाऊन बसत नाही, हे आधी सांगतो, कारण अनेकांचा तसा समज असतो. जोडी लावतं एक एन्झाइम, तेही पेशीच्या आत, साखळ्या वळायच्या आधीच. एकदा पीळ बसला की त्याचा हात आत पोचत नाही. या एन्झाइमच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. अधूनमधून काम फसतं आणि लोह जणू गंजून बसतं. व्हिटॅमिन सी त्याला पुन्हा कामाला लावतं. सी संपलं की एन्झाइम एकेक करून बंद पडतात, साखळ्या अर्धवट राहतात, पेशीतच अडकतात किंवा मोडीत जातात.

पहिला मार जिथं कोलॅजन सतत मोडून नव्यानं बनतं तिथं बसतो. हिरड्या सुजून रक्त येतं, केसांच्या मुळांशी लाल ठिपके येतात, केस बूच काढायच्या स्क्रूसारखे वळतात. याला स्कर्व्ही म्हणतात. 1740 साली निघालेल्या अॅन्सनच्या आरमारी सफरीत एका खलाशाच्या पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा स्कर्व्हीनं पुन्हा उघडल्या, अशी नोंद आहे. वाचताना दचकायला होतं, पण कारण साधं आहे: भरलेल्या व्रणातलं कोलॅजनही बदलत राहतं. जुनं निघून गेलं आणि नवं बनेना.

यासाठी लागतं किती? दिवसाला 10 मिलिग्रॅमही स्कर्व्ही टाळायला पुरतं. एका पेरूत याच्या कितीतरी पट असतं. मात्र सी उष्णतेनं नासतं, त्यामुळे लिंबू आमटी उकळताना न पिळता ताटात पिळा.

शेवटी, हल्ली विकत मिळणाऱ्या कोलॅजन पावडरींबद्दल. त्यातलं हायड्रॉक्सिप्रोलिन आपल्या नव्या साखळीत जसंच्या तसं बसत नाही. पेशीकडे त्यासाठी सांकेतिक खूणच नाही. तिला साधं प्रोलिन घेऊन जोडी स्वतःच लावावी लागते. बाहेरून आलेलं हायड्रॉक्सिप्रोलिन मोडलं जातं, आणि थोडंफार लघवीवाटे निघून जातं.