पोह्यातलं कडक खोबरं

नमस्कार श्रोतेहो. शाळेचा डबा स्टीलचा घ्यावा की काचेचा, यावर बोलायचंय. पण आधी आमच्या घरातली गोष्ट.

लेक दुसरीत होती. मी हौसेनं काचेच्या डब्यांची जोडी आणली. डाग नाही, वास नाही, आत काय ते लख्ख दिसतं. एका सकाळी त्यात पोहे भरले, वर ओलं खोबरं भुरभुरलं. कापूरबावडीच्या सिग्नलला व्हॅननं करकचून ब्रेक मारला आणि दप्तर मांडीवरून खाली आपटलं. (त्या घोडबंदर रोडवर मुलांचं अर्धं बालपण जातं, पण तो विषय वेगळा.) डबा फुटला नाही. फुटला असता तर बरं झालं असतं! पोरीनं मधल्या सुट्टीत तो उघडला, खाल्ला आणि घरी आल्यावर रुमालाची गाठ सोडून म्हणाली, "आई, हे खोबरं चावतच नाही गं." रुमालात काच होती. काठाचा टवका उडाला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. झाकणाखाली कुणाला दिसणार? पोह्यात काच आणि खोबरं दोन्ही पांढरट. तिनं ते थुंकलं म्हणून निभावलं. मी मात्र रात्रभर दर तासाला उठून तिचं पोट चाचपत होते.

म्हणून सांगते, काच फुटते याची भीती कमी, टवका उडतो याची जास्त. डबा घासताना काठावरून स्पंज फिरवा. अडकला की डबा फेकून द्या.

आता वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर झाकणासकट काचेचा डबा भरला ५४० ग्रॅम, स्टीलचा २१०. दोन्ही रिकामे. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावं असा नियम आहे. लेक बावीस किलोची, म्हणजे सव्वादोन किलोही नाही. त्यातला पाव हिस्सा नुसत्या काचेनं खायचा?

आणि गरम राहण्याचं म्हणाल, तर साधं स्टील असो वा काच, पावणेसातला भरलेलं दहाला गारच. उलट जाड थंड काच भरल्या भरल्या अन्नाची ऊब स्वतःच पिते. गरम हवं तर दुहेरी भिंतीचा, मधली हवा काढलेला स्टीलचा डबा. त्यात आधी पाच मिनिटं उकळतं पाणी ठेवा, ओता, मग वरणभात भरा. पाणी असताना बाहेरून हात लावा. अंग गरम लागलं, तर मधली पोकळी गेली, डबा बाद. हाही वजनाला हलका नाही बरं का, म्हणून रोज नको. आणि पोळी त्यात कधीच नको, वाफेनं लगदा होतो. पोळी साध्या स्टीलच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून. फॉइल मला आवडत नाही, पण ते असो.

जोडीतला दुसरा काचेचा डबा आहे अजून. फ्रिजमध्ये असतो, लसणाची चटणी घेऊन.